साठीपर्यंत 75 टक्के शेअर?

एनपीएस, म्हणजे निवृत्तीसाठीच्या राष्ट्रीय पेन्शन योजनेबद्दल, असा एक मेसेज फिरतो: «एनपीएसमध्ये वय वाढलं म्हणून शेअरचा वाटा कमी करणं हा निव्वळ तोटा. बाजार पडला तरी परत वर येतोच. वाटा बदलला की करही बसतो. साठीपर्यंत 75 टक्के शेअरमध्येच ठेवा.»

बाजार वर येतो, हे खरं. जानेवारी 2008 मध्ये सुमारे 20,900 वर असलेला सेन्सेक्स मार्च 2009 मध्ये 8,200 च्या खाली आला आणि नोव्हेंबर 2010 मध्ये पुन्हा 21,000 ला पोहोचला. पण त्या मधल्या काळात कोण किती वर्षांचं होतं, यावर सगळं ठरतं.

समजा, बत्तीस वर्षांच्या मुलीच्या खात्यात 3 लाख आहेत, त्यातले 2.25 लाख शेअरमध्ये. बाजार 60 टक्के पडला तर तिचे 1.35 लाख जातात. ती महिन्याला 10,000 भरत असेल, तर चौदा महिन्यांच्या हप्त्यांत तेवढे पैसे पुन्हा जमतात, शिवाय ते हप्ते स्वस्तात युनिट घेतात. आता एकोणसाठ वर्षांचे काका घ्या. खात्यात 60 लाख, त्यातले 45 लाख शेअरमध्ये. तीच पडझड त्यांचे 27 लाख नेते. महिन्याला 20,000 भरले तरी ते भरून निघायला अकरा वर्षांहून अधिक लागतील, आणि त्यांचा पगार तर वर्षभरात थांबणार आहे. वयानुसार शेअरचा वाटा आपोआप कमी करणाऱ्या ऑटो चॉइसमधल्या एलसी 50 या पर्यायात याच वयाला शेअरचा वाटा 10 टक्के असतो. तिथे त्यांचं नुकसान 3.6 लाखांचं झालं असतं.

साठीनंतर खातं चालू ठेवून वाट पाहता येते. मात्र घरखर्च त्याच पैशातून चालणार असेल, तर पडत्या भावात युनिट विकावे लागतात किंवा कमी रकमेची ॲन्युइटी, म्हणजे एकरकमी पैसे देऊन विकत घेतलेली ठरलेली पेन्शन, घ्यावी लागते. ॲन्युइटी एकदा घेतली की बाजार नंतर कितीही चढला तरी पेन्शन वाढत नाही.

कराचा मुद्दा सरळ चुकीचा आहे. म्युच्युअल फंड विकला तर नफ्यावर कर लागतो. एनपीएसच्या आत शेअरमधून सरकारी रोख्यांत पैसे वळवले तर लागत नाही.

एका गोष्टीत मात्र या मेसेजवाल्यांशी मी थोडा सहमत आहे. एलसी 50 मधला पंचावन्नाव्या वर्षीचा 10 टक्के शेअरचा वाटा मलाही फार कमी वाटतो, कारण पुढे पंचवीस-तीस वर्षं महागाईशी गाठ आहे. रोखेही स्थिर नसतात: व्याजदर 7 वरून 8 टक्क्यांवर गेले, तर दहा वर्षांच्या रोख्याचा भाव जवळपास 7 टक्के पडतो.

म्हणून वाटा ठरवताना एकट्या एनपीएसकडे पाहू नका. ज्याचे पीएफमध्ये 40 लाख आणि एनपीएसमध्ये 20 लाख आहेत, त्याने एनपीएसमध्ये 75 टक्के शेअर ठेवले तरी एकूण 60 लाखांत शेअर फक्त 15 लाखांचे, म्हणजे 25 टक्के होतात. पीएफ मुख्यतः कर्जरोख्यांसारखाच वागतो. अशा माणसाला एनपीएसमधला 75 चा आकडा चालेल. ज्याची सारी पुंजी एनपीएसमध्येच आहे, त्याने पन्नाशीपासून ॲक्टिव्ह चॉइसमध्ये, म्हणजे वाटा स्वतः ठरवण्याच्या पर्यायात, दर वाढदिवसाला चार-पाच टक्के रोख्यांकडे वळवावेत आणि साठीला शेअरच्या 30 टक्के वाट्याच्या आसपास थांबावं.