मेट्रोतून बाहेर कसं पडू नये

साताऱ्याचा माणूस पुण्याला निघाला की स्वारगेटला उतरणार, हे ठरलेलंच. पूर्वी तिथं उतरल्या उतरल्या रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची सोय होती. 29 सप्टेंबर 2024 ला स्वारगेटचं भुयारी मेट्रो स्टेशन सुरू झालं आणि ती हुज्जत आता गारेगार हवेत, पार पिंपरीला जाऊन, तोंड नसलेल्या गेटाशी घालता येते. मात्र त्यासाठी थोडी तयारी लागते.

पहिली तयारी म्हणजे मेट्रोच्या कार्डावर किती पैसे आहेत ते कधीही बघायचं नाही. प्रत्येक वेळी बाहेर पडताना गेटाच्या छोट्या पडद्यावर कापलेलं भाडं आणि उरलेली शिल्लक दिसते. तेवढ्या क्षणी फोन वाजला नसला तरी काढून बघावा. स्टेशनवरच्या मशीनवर कार्ड ठेवूनही शिल्लक कळते, पण तिथं थांबणं आपल्या मानाला शोभत नाही.

आत शिरताना काळजी करू नका, गेट उघडणारच. ते फक्त कार्डावर ठरावीक किमान रक्कम आहे का एवढंच बघतं. तुम्ही मंडईला उतरणार की पिंपरीला, हे त्याला कळणार कसं? तुम्ही कुठं सांगितलंय? ते आपलं कार्डातल्या चिपवर ‘स्वारगेट’ आणि वेळ नोंदवतं आणि वाट मोकळी करतं. हिशोब उतरताना. आपल्या यष्टीत कंडक्टर आधी पैसे घेतो आणि सुटे नसले तर तिकिटामागे लिहून देतो. इथं मात्र आधी बसवून घेतात आणि नंतर अडवतात. हा फरक ध्यानात ठेवला नाही तरच पुढची मजा येते.

समजा कार्डावर 22 रुपये आहेत आणि तुम्ही उतरलात तिथलं भाडं 30 होतं. किमान रकमेची अट पुरी झाली म्हणून आत आलात, आता आठ रुपयांसाठी अडलात. लाल फुली उमटते, दोन्ही झडपा जागच्या हलत नाहीत. गांगरून जाऊ नका. कार्ड पुन्हा लावा. मग जरा दाबून लावा. मग उलटं करून लावा. मग पँटीवर पुसून लावा. चिप जराशा अंतरावरूनही वाचली जाते आणि गेटानं ती पहिल्याच वेळी नीट वाचलेली आहे, म्हणून तर फुली आली. पण असली माहिती मनात आणू नये. मागे रांग वाढते आहे ना? मग ठीक चाललंय.

आता हुकमाचा एक्का काढा. “आवो, परवाच 200 भरल्यात मी! ह्यो बघा मेसेज!” सिक्युरिटीतला पोरगा तुमच्या मुलाच्या वयाचा असतो. तो म्हणतो, “काका, भरलेत हो, पण कार्डावर आले नाहीत.” यावर “मग कुठं गेले, कोरेगावला?” असं विचारावं. पोरगा बिचारा गप्प बसतो, कारण उत्तर जरा लांब आहे.

ते उत्तर मी सांगतो, तुम्ही ऐकू नका. मेट्रोत चालणारी ही नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डं, म्हणजे 2019 च्या मार्चमध्ये सुरू झालेली ‘एक देश एक कार्ड’वाली, यांच्यात पैसे चिपवरच साठवलेले असतात. गेट बँकेला विचारत बसत नाही. गर्दीच्या वेळी प्रत्येकासाठी बँकेला विचारलं तर रांग जिन्यावर जाईल, म्हणून गेट चिपवरचा आकडा वाचतं, त्यातून भाडं वजा करतं आणि सोडून देतं. तुम्ही घरी बसून फोनवरून भरलेले 200 बँकेच्या बाजूला पोचले, मेसेजही खरा आहे. पण ते चिपवर उतरवायला कार्ड एकदा स्टेशनवरच्या मशीनला किंवा काउंटरवरच्या यंत्राला लावून शिल्लक अपडेट करावी लागते. तोवर 200 तुमचेच आहेत आणि कार्डावर 22 च आहेत. हे काम गेट करत नाही. म्हणून गेटासमोर उभं राहून पुन्हा ऑनलाइन रिचार्ज करण्याला मी विशेष गुण देतो. त्यानं आणखी 100 रुपये बँकेकडे जातात, आणि तुम्ही आहात तिथंच राहता.

आणि हो, हे ऐकून एकदम ढीगभर पैसे भरायला धावू नका. चिपवर 2,000 पेक्षा जास्त मावत नाहीत, आणि कार्ड हरवलं तर चिपवरचे पैसे खिशातून नोट पडावी तसेच गेले.

एवढ्यात सौभाग्यवती गेटापलीकडून आपलं कार्ड पुढं करतात. त्यांच्या कार्डात भरपूर पैसे आहेत, कारण त्या शिल्लक बघतात. ते जरूर लावून बघा. गेट याही वेळी नाही म्हणेल. त्या कार्डावरचा त्यांचा प्रवास बाहेर पडताच मिटला, तुमचा आत शिरल्याचा शिक्का त्यावर नाही. तुमच्या पाकिटातल्या दुसऱ्या कार्डाचंही तेच. ज्या कार्डानं आत आलात त्याच कार्डानं बाहेर जायचं, एका माणसाला एकच कार्ड. वऱ्हाडासारखं ‘आमचे चौघे आहेत’ म्हणून एकावर चौघं निघत नाहीत.

काही भित्री माणसं अशा वेळी निमूट रांगेतून बाजूला होतात. गेटांच्या ओळीलाच लागून ग्राहक सेवेची काचेची खिडकी असते, आतल्या बाजूनं तिथं जाता येतं. ते कार्ड देतात आणि म्हणतात, “बॅलन्स कमी पडलाय.” आतला माणूस कार्ड यंत्रावर ठेवतो. ऑनलाइन भरलेले पैसे अडकून पडले असतील तर आधी ते उतरवून देतो, नसतील तर रोख घेऊन कार्डावर टाकतो. मग तीच मंडळी त्याच गेटावर तेच कार्ड लावतात, 30 रुपये कापले जातात, झडपा उघडतात. कुणी ओरडत नाही, कुणी चोर म्हणत नाही. प्रामाणिकपणे कार्ड लावून आत आलेल्याचे पैसे उतरताना कमी पडणं हे तिथं रोजचंच असतं. असल्या बेचव प्रकारात गावाकडं जाऊन सांगण्यासारखं काय आहे?

त्यापेक्षा मर्दानी मार्ग घ्या. पुढच्याचं गेट उघडलं की त्याच्या पाठीला चिकटून सटकायचं. गेटात माणसं ओळखणारे सेन्सर असतात, बहुधा ते बोंब मारतात आणि तो पोरगा धावत येतो. पण समजा नशिबानं निसटलात. 30 रुपये वाचले म्हणून पिंपरीत चहा घेतला, मिसळ खाल्ली, आणि रात्री यष्टीनं साताऱ्यात.

पुढच्या खेपेला स्वारगेटला त्याच कार्डावर आत शिरायला जाल, कार्डात आता भरपूर पैसेही असतील, तरी गेट उघडणार नाही. कारण चिपवर आत शिरल्याची नोंद आहे, बाहेर पडल्याची नाही. मग ज्या खिडकीला टाळलंत त्याच खिडकीशी जाऊन उभे राहा. मागचा प्रवास मिटवायचे पैसे ते नियमानं कापून घेतील, आणि तुम्ही छातीवर हात ठेवून सांगा की आपण आठ दिवस साताऱ्यातच होतो, पोवई नाक्यावर दहाजणांनी पाहिलंय. कार्डाच्या मते तुम्ही अजून मेट्रोतच बसलेले आहात.