नवा व्हेंडर? आधी त्याला नीट दमवा

समजा तुमच्या हॉटेलच्या हेड ऑफिसने कुडाळकडच्या एका काकांकडून कोकम आगळ घ्यायचं ठरवलं. घरामागच्या शेडमध्ये आगळ काढतात, माल चोख, भाव ठरला, फक्त व्हेंडर म्हणून सिस्टीममध्ये घालायचे बाकी, म्हणजे आता तुमची पाळी. पहिल्याच मेलात सगळं मागायची चूक करू नका. "कृपया आवश्यक कागदपत्रे पाठवावीत" एवढंच लिहा. आवश्यक म्हणजे कुठली ते काकांनी ओळखायचं, ओळखता येत नसेल तर धंदा कशाला करतात!

काका बिचारे जीएसटीचं सर्टिफिकेट पाठवतील. लगेच पॅनकार्ड मागा. जीएसटी नंबराच्या १५ अक्षरांत पहिली दोन राज्याची, आपल्याकडे २७, आणि पुढची दहा म्हणजे पॅनच, त्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून एका नजरेत पडताळता येतं, पण तुम्ही तसं करू नका, दोन वेगळे मेल, मध्ये एक रविवार.

खरी मजा कॅन्सल्ड चेक आल्यावर. पॅनवर काकांचं नाव, चेकवर मात्र कुलदेवीच्या नावाची फर्म. झालं! "नेम मिसमॅच, रिजेक्टेड" असा मेल टाका आणि चहाला जा. एकट्या मालकाचा धंदा असला की पॅन मालकाच्याच नावावर असतं आणि करंट खातं बहुतेक फर्मच्या नावावर, आणि ही दोन्ही नावं जीएसटी सर्टिफिकेटवर 'लीगल नेम' आणि 'ट्रेड नेम' अशी एकाखाली एक छापलेली असतात, ते सर्टिफिकेट तुमच्याकडे केव्हाचं येऊन पडलंय. उघडायचं नाही. काकांना बँकेत पाठवा, मॅनेजरचं पत्र आणायला, तेही मे महिन्यात, कोकमं झाडावरून पडत असताना.

उद्यम सर्टिफिकेट तर चुकूनही मागू नका. काका स्वतः माल बनवतात, म्हणजे सूक्ष्म उद्योग, आणि अशांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. तुमच्या पीओवर छापलेले ९० दिवस कायद्यापुढे शून्य. उशीर केला तर आरबीआयच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज, वर मार्चअखेर मुदत टळून गेलेली रक्कम थकीत राहिली तर त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही. आता एवढं सगळं कळून घ्यायचं म्हणजे ताप! कागद मागितलाच नाही तर माहीत नव्हतं म्हणता येतं. (ऑडिटर ऐकत नाही, पण तो पुढच्या वर्षी येतो.)

बिलाचं काय, तर पीओ नंबर बिलावर हवा, आपला जीएसटी नंबर आणि पत्ता असाच हवा, बिल अमुक मेलवर हवं, हे बिल येईपर्यंत सांगायचं नाही. आल्यावर एकेक चूक काढून तीनदा परत पाठवा. दरवेळी तारीख बदलून घ्या, म्हणजे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजल्यासारखे वाटतात. मोजायचे असतात माल स्वीकारल्यापासून, पण काकांना कोण सांगतंय.

इतकी छाननी केल्यावर एक दिवस मेल येतो, "आमचं खातं बदललंय, यापुढचं पेमेंट नव्या खात्यात करावं." मेल आयडीत एकच अक्षर जास्त. इथे मात्र बिलकुल वेळ घालवू नका! ज्यांच्या नावावरून महिनाभर घोळ घातलात त्यांचा खाते नंबर पाच मिनिटांत बदला. फाईलमधल्या जुन्या नंबरवर फोन लावू नका, लावायचाच तर त्याच मेलखाली दिलेल्या नंबरवर लावा, तिथला माणूस फार गोड बोलतो आणि हो म्हणतो. एक रुपया टाकून बघू नका. पैसे खाते नंबर बघून जमा होतात आणि म्हणूनच नेट बँकिंगमध्ये खातेदाराचं नाव आधी दाखवायची सोय आलीय, तिथे भलतंच नाव दिसलं तरी दचकू नका. नेम मिसमॅच फक्त काकांना लागू असतो.

मग काकांचा फोन येईल, "साहेबानू, कागद धाडलंय, माल धाडलंय, आता पैसे कधी येतले?" पैसे गेलेत म्हणून यूटीआर नंबर पाठवून द्या. ते म्हणतील हे खातं आमचं नव्हे. त्यांना सांगा, तसं मेलवर लेखी द्या, सोबत कॅन्सल्ड चेक आणि मॅनेजरचं पत्र. १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करायचं नंतर बघू, आधी त्यांचा फॉर्म पूर्ण होऊ दे.