झेरॉक्सवाल्या मामांचं करिअर गायडन्स

एकशे शहाऐंशी पानं, दोन सेट, पानाला रुपया, म्हणजे 372 रुपये. खिशात दोनशे दहा आणि फोनवर एकसष्ट, कारण महिन्याची सव्वीस तारीख. बेळगावच्या कोर्टाबाहेरच्या झेरॉक्स दुकानात मी अंगावर काळा कोट घालून, मागे आमचाच खानापूरचा पक्षकार उभा असताना हा हिशेब मनात करतोय, आणि मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "राहू दे रे, एकशे एक वहीत लिहितो." वहीत डोकावून बघितलं तर माझं नावसुद्धा नाही, 'ज्युनिअर, चष्मा' एवढंच. आणि पक्षकार तेवढ्यात मला विचारतोय, साहेब केस आपण जिंकतोय न्हवं?

खरं तर मी एवढ्यावर निघणार होतो. पण मशीन गरम झालेलं, मामा रिकामे, आणि मी त्यांना सांगून बसलो की साखर कारखान्यात लीगल ऑफिसरची जागा आलीय, अठ्ठावीस हजार. इकडे सीनिअर देतात चार हजार, तेही आठवण केल्यावर. 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं सर्क्युलर काढलं की ज्युनिअरला शहरात किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार द्यावेत. 'द्यावेत' म्हणजे शिफारस. ते सर्क्युलर आमच्या ऑफिसमध्ये मीच प्रिंट करून टेबलावर ठेवलं होतं, सीनिअरनी त्यावर चहाचा कप ठेवला.

"कारखान्यात जा की, पण सनद?" मामा म्हणाले. कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवून प्रॅक्टिस थांबवावी लागते, हे मला माहीत होतं, पण झेरॉक्सवाल्याच्या तोंडून ऐकताना कान लाल झाले. "आणि जज व्हायचं म्हणालतास न्हवं? तीन वर्षं प्रॅक्टिस पाहिजे म्हणून मे 2025 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय. कारखान्यातलं मोजत नाहीत." माणूस दुसऱ्याचे कागद वाचून वाचून आमच्यापेक्षा हुशार झालाय. माझे चौदा महिने झालेत, कारखान्यात गेलो की घड्याळ तिथंच बंद.

मग मी बेंगळूरच्या फर्ममधल्या मित्राचं काढलं. महिन्याला पंचाहत्तर हजार, त्यातले दहा टक्के टीडीएस कापून, कारण कागदावर तो नोकर नाही, रिटेनर. रात्री अकरापर्यंत जमिनीचे कागद तपासत बसतो, सीनिअर त्याचा प्रत्येक ड्राफ्ट लाल करून परत देतात म्हणे, तेवढं चांगलं आहे, पण दोन वर्षांत कोर्टात उभा राहिलाय एकदा, तेही डेट घ्यायला.

"आणि तू काय करूलालास?" मामांनी वही मिटली. "बघ बाळा, कुठल्या ऑफिसचा पोरगा शिकूलालाय ते मला पानावरनं कळतंय. पहिले सहा महिने वकालतनामा आणि सर्टिफाइड कॉपीचे अर्ज, ते समद्यांचंच. मग लाल पेनानं कोरलेले ड्राफ्ट यायला पाहिजेत. मग एक दिवस पोरगं संध्याकाळी साक्षीदाराच्या डिपॉझिशनची कॉपी काढून घरी नेतंय, दुसऱ्या दिवशी त्या साक्षीदाराचं क्रॉस असतंय, उलट प्रश्न विचारायचे असतात. तू असली कॉपी कितीदा काढलीस?"

एकदा. चेक बाउन्सच्या केसमध्ये. सीनिअर हायकोर्टाच्या धारवाड बेंचला होते आणि जज साहेबांनी डेट द्यायला आधीच नकार दिला होता. आम्ही आरोपीकडून. मी फिर्यादीला विचारलं, पाच लाख रोख दिले म्हणता, ते इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये दाखवलेत काय? नाही म्हणाला. इथं बसायला पाहिजे होतं. पण मी खुशीत विचारलं, मग आणले कुठून? तो म्हणाला, बायकोचे दागिने गहाण ठेवले, पावती आहे. पावती निघाली! संध्याकाळी मी सीनिअरना सगळं सांगितलं, ते "हं" म्हणाले आणि फोनवर बोलू लागले. कुठं चुकलं ते शेजारच्या ऑफिसच्या ज्युनिअरनं कॅन्टीनमध्ये सांगितलं, त्याचे सीनिअर क्रॉसनंतर अर्धा तास बसवून घेतात. मला पगारापेक्षा त्या अर्ध्या तासाचा जास्त राग आहे, कुणी मानो न मानो.

आमच्या ऑफिसात मला ठेवलंय ते मराठीसाठी. हा भाग 1956 पर्यंत मुंबई राज्यात होता, जुनी खरेदीखतं कितीतरी मराठीत, काही चक्क मोडी लिपीत. मी वाचतो, टायपिस्ट कन्नड करतो, सीनिअर उभे राहतात. आजची एकशे शहाऐंशी पानं पण तीच.

तेवढ्यात सीनिअरचा फोन. "झालं काय? बिल घेऊन ये, बिल असलं तरच पैसे देतो."

मी मामांकडं बघितलं.

"बिल उधारीवर देत नाही," मामा म्हणाले, आणि मागच्या पक्षकाराला विचारलं, "तुमचं काय, कलर काय?"