नमुना मोठा केला की चूक जाते?

एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: «सर्वेक्षणाला उगाच नावं ठेवतात. हजारो लोकांना विचारलं की कुणी वाढवून सांगतो, कुणी कमी सांगतो, कुणी विसरतो. सगळं एकमेकांत जिरून सरासरी बरोबर येते. आणि लोकांच्या बोलण्यावर विश्वास नसेल तर विचारू नका, माणूस बसवून बघा. डोळ्यांना दिसतं ते खरंच असतं.»

चुका एकमेकांत जिरतात, पण त्या दोन्ही बाजूंना सारख्या विखुरलेल्या असतील तरच. ज्या उत्तराला घराची अब्रू चिकटलेली असते, तिथे जवळजवळ सगळे एकाच बाजूला सरकतात. समजा, गावात शौचालय वापरणाऱ्यांचं खरं प्रमाण ६० टक्के आहे, पण विचारल्यावर ८० टक्के लोक ‘हो, वापरतो’ म्हणतात. ४०० जणांना विचारलं तर उत्तर ८०च्या आसपास, चारेक टक्के इकडेतिकडे येईल. ४०,००० जणांना विचारलं तर तेच ८० अर्ध्या टक्क्याच्या आत पक्कं होईल. नमुना मोठा केल्याने आपण साठाच्या जवळ गेलो नाही, चुकीच्या आकड्यावर जास्त ठाम झालो.

उत्तर भारतातल्या ग्रामीण भागात २०१८ साली झालेल्या एका प्रयोगात हे नेमकं मोजलं गेलं. काही घरांना, चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखं, एकच प्रश्न विचारला: घरातली माणसं शौचाला कुठे जातात? बाकीच्या घरांत एकेका माणसाबद्दल वेगळं विचारलं, आणि प्रश्नातच कुणी शौचालयात जातं, कुणी उघड्यावर जातं, असं दोन्ही सहजपणे मांडलं. दुसऱ्या पद्धतीत उघड्यावर जाणाऱ्यांचं प्रमाण टक्केवारीत सुमारे २० अंकांनी जास्त निघालं. लोक तसेच, गावं तशीच. बदलला तो प्रश्न. घरात शौचालय आहे म्हटल्यावर ‘आम्ही तेच वापरतो’ असं एका दमात सांगणं सोपं असतं. ‘सासरे कुठे जातात?’ असं वेगळं विचारल्यावर तेच उत्तर देणं अवघड होतं.

विसरण्याबद्दल मला जास्त काळजी वाटते, कारण तिथे कुणी काही लपवत नसतं. दिल्लीत २००० ते २००२ या काळात सोळाशेहून अधिक माणसांच्या आजारपणाची माहिती अभ्यासकांनी कधी आठवड्याच्या, तर कधी महिन्याच्या आठवणीवर घेतली. २००८ साली घरं यादृच्छिक पद्धतीने वाटून पुन्हा तपासलं. महिन्याभराचं विचारलं की आजार, डॉक्टरकडच्या फेऱ्या, बुडालेला रोजगार, सगळंच कमी भरतं. आणि ही घट गरिबांमध्ये श्रीमंतांपेक्षा मोठी होती. त्यामुळे निष्कर्षच उलटला. आठवड्याच्या आठवणीनुसार गरीब लोक श्रीमंतांपेक्षा जास्त वेळा डॉक्टरकडे जात होते, महिन्याच्या आठवणीनुसार कमी. अभ्यासकांचा अंदाज असा की ताप-खोकला ज्याच्या रोजच्या जगण्याचा भाग झालाय, त्याला तो घटना म्हणून लक्षातच राहत नाही. महिन्याचे आकडे हाती घेऊन कुणी ‘गरीब उपचार घेत नाहीत’ असं धोरण आखलं, तर नमुना कितीही मोठा असो, ते उलट्या दिशेनेच जाईल.

आता डोळ्यांचं. बांगलादेशातल्या ग्रामीण घरांत संशोधकांनी अशा साबणाच्या वड्या दिल्या, ज्यांच्या आत हालचाल टिपणारा संवेदक होता. वडी किती वेळा हलली याची नोंद आपोआप होत होती. मग एके दिवशी निरीक्षक पाच तास घरात येऊन बसली. आधीच्या दिवसांतल्या त्याच वेळेशी तुलना केली, तर साबण हलण्याच्या संख्येचा मध्यक ३.७ वरून ५.० वर गेला होता, म्हणजे ३५ टक्के वाढ. निरीक्षकेने जे पाहिलं ते घडलंच होतं. फक्त ती नसती तर तितकं घडलं नसतं. २०१० साली हे प्रसिद्ध झालं.

कुणी पाहतंय म्हणून वागणं बदलतं, या परिणामाला ‘हॉथॉर्न परिणाम’ हे नाव ज्यावरून पडलं, त्या शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात उजेड कमी-जास्त करून कामगारांचं काम मोजणाऱ्या प्रयोगांचा दाखला सगळे देतात. मात्र लेविट आणि लिस्ट या अर्थतज्ज्ञांनी ती जुनी आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा परिणाम गोष्टीत सांगतात तितका ठळक दिसला नाही. म्हणून मी साबणाचा पुरावा जास्त भरवशाचा मानतो.

त्यालाही मर्यादा आहेत. साबण हलला म्हणजे हातच धुतले असं नाही. कपडे किंवा भांडीही असू शकतात. शिवाय ४५ घरांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यातच मोठा बदल दिसला. त्यामुळे प्रत्येक निरीक्षणातून सरसकट ठरावीक टक्के वजा करून चालत नाही. कोणतं घर बदललं हे कळायला निरीक्षक येण्याआधीचे दिवस हाताशी लागतात. ते नसतील तर निदान पहिल्या तासाची नोंद पाचव्या तासाशी ताडून पाहावी: पाहुणी घरात रुळत गेली तसा आकडा घसरत असेल, तर सुरुवातीचं हात धुणं तिच्यासाठी होतं असा संशय घ्यायला जागा आहे.