ई-सेलचं कॅप्शन कसं लिहावं (आमचा फॉर्म राहिला त्यानिमित्त)

अभिनंदन! कॉलेजच्या ई-सेलचे, म्हणजे उद्योजकता कक्षाचे, तुम्ही सोशल मीडिया हेड झालात. आता धंद्याच्या कल्पना मांडायच्या पिच स्पर्धेचं कॅप्शन तुम्हीच लिहिणार.

सुरुवात रॉकेटच्या इमोजीने करा. मग विचारा, 'तुमच्यात दडलाय का उद्याचा युनिकॉर्न?' इन्स्टावर 'मोअर' दाबण्याआधी जेमतेम दोन ओळी दिसतात. त्या यातच संपवा. तारीख वर आली तर लोक वाचतील ना!

फॉर्मची लिंक बायोमध्ये नको, कॅप्शनमध्येच टाका. तिथे ती दाबली तरी उघडत नाही. जिद्द तपासली जाते.

पात्रता: 'सर्वांसाठी खुली'. डिप्लोमावाले चालत नाहीत, हे हॉलच्या दारात सांगता येतं.

बक्षिसं मात्र दणक्यात लिहा: 'एक लाखाची बक्षिसं!' पहिलं 10 हजार, दुसरं 6, तिसरं 4, म्हणजे रोख झाले 20. उरलेले 80 हजार? कुठल्याशा ऑनलाइन कोर्सची सवलत कुपनं. 4 हजारांचं एक, अशी 20. कोर्स घ्यायला पदरचे पैसे घालायचे, तेव्हा कुठे आपल्याला बक्षीस मिळणार.

आता मुदत. 'अंतिम मुदत: 15 मार्च, रात्री 12' असंच लिहा. आम्ही चौघांनी असंच वाचलं होतं. मेसमध्ये रोज किती अन्न उरतं ते मोजून दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक ठरवायचा, ही आमची कल्पना. त्यासाठी तीन आठवडे रोज रात्री मेसच्या मावशींसोबत उरलेला भात वजनकाट्यावर ठेवला. 14 तारखेला रात्री दहापैकी आठ स्लाइड झाल्या. उद्याचा अख्खा दिवस आहे म्हणून झोपलो. सकाळी बघतो तर फॉर्म बंद. डीएम केला, तर दुपारी उत्तर आलं, '15 ला रात्री 12 म्हणजे 15 तारीख सुरू होतानाचे 12.' वा! आमच्या आजीच्या पंचांगात तर वार सूर्योदयाला बदलतो. तिच्या हिशेबाने आमच्याकडे 16 च्या पहाटेपर्यंत वेळ होता! बरं, पुढे 'विशेष आग्रहास्तव' दोन दिवसांची मुदतवाढ दिलीत, तीही स्टोरीत. 24 तासांत स्टोरी गायब. पोस्टवर तीच जुनी तारीख. कोणाचा आग्रह होता? आमचा तर नव्हता, आम्ही झोपलो होतो.

अरे बाबांनो, 'रात्री 12' लिहूच नका. 11:59 लिहा आणि सोबत वार लिहा. मुदत वाढवलीत तर जुनं कॅप्शन एडिट करा, तेवढी सोय इन्स्टावर आहे. बक्षिसात रोख किती ते वेगळं सांगा. हे घ्या, तयारच देतो:

'पिच स्पर्धा. फॉर्म रविवार, 15 मार्च, रात्री 11:59 पर्यंत. लिंक बायोमध्ये. 2 ते 4 जणांचा संघ, पदवीचं कोणतंही वर्ष, डिप्लोमा नाही. रोख बक्षिसं 10, 6 आणि 4 हजार.'

रॉकेट टाकायचंच असेल तर शेवटी टाका. आणि डीएमला त्याच रात्री उत्तर द्या, दुसऱ्या दिवशी दुपारी नको.