सगळी गेट एकदम चालतात, मग अडतं कुठे?

«सर्किट म्हणजे मुळातच समांतर यंत्र, सगळी गेट एकदम चालतात. दिलेल्या सर्किटचं उत्तर काढणं म्हणजे एक मोठं बूलियन सूत्र सोडवणं, दुसरं काही नाही. ते पी-पूर्ण आहे याचं कौतुक कशाला? पीमधला कुठलाही प्रश्न पीमधल्या दुसऱ्या प्रश्नात बदलता येतोच.»

पी म्हणजे बहुपदी वेळेत, म्हणजे इनपुटच्या लांबीच्या ठरावीक घाताइतक्या पावलांत, सुटणारे प्रश्न. पी-पूर्ण म्हणजे त्यांतलाच असा प्रश्न, ज्यात पीमधला प्रत्येक प्रश्न बदलता येतो. वरच्या आक्षेपाच्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण त्यात अर्धं तथ्य आहे. रूपांतर करणाऱ्याला बहुपदी वेळ मोकळा दिला, तर तो मूळ प्रश्न स्वतःच सोडवेल आणि उत्तर 'हो' असेल तर पलीकडच्या प्रश्नाचं एखादं 'हो'वालं उदाहरण हातात ठेवेल. अशा रूपांतराला काहीच अर्थ नाही. म्हणूनच रिचर्ड लॅडनर यांनी 1975 साली सर्किटचं मूल्य काढण्याचा प्रश्न पी-पूर्ण ठरवला, तेव्हा रूपांतराला लॉग-जागेची अट होती. इनपुट वाचायला मिळतं, आउटपुट लिहीत जाता येतं, पण कच्च्या कामासाठी जागा इनपुटच्या लांबीच्या लॉगच्या प्रमाणात, जेमतेम काही मोजकांपुरती. एवढ्या जागेत पीमधले सगळे प्रश्न सोडवणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

मग इतक्या कमी जागेत रूपांतर करणारा करतो काय? मूळ प्रश्न सोडवणारं ट्युरिंग यंत्र, म्हणजे फितीवर डोकं सरकवत अंक वाचणारं-लिहिणारं यंत्र, घेतो आणि त्याच्या चालण्याचा तक्ता सर्किट म्हणून लिहून काढतो. ओळ म्हणजे वेळ, स्तंभ म्हणजे फितीवरचं घर. एक अगदी साधं यंत्र घेऊ: डोकं दर पावलाला उजवीकडे सरकतं आणि वाचलेल्या 1 ची संख्या सम आहे की विषम एवढंच लक्षात ठेवतं. `S[t][i]` म्हणजे t व्या क्षणी डोकं i घरावर आहे आणि स्थिती सम आहे. `V` म्हणजे तेच, पण विषम. `X[i]` म्हणजे त्या घरातला अंक.

```
S[t+1][i+1] = (S[t][i] AND NOT X[i]) OR (V[t][i] AND X[i])
V[t+1][i+1] = (V[t][i] AND NOT X[i]) OR (S[t][i] AND X[i])
```

इनपुट 101 असेल तर `S[0][1]` 1 पासून सुरुवात. पहिला अंक 1, म्हणून `V[1][2]` 1 होतं. पुढे 0, तेव्हा `V[2][3]` 1. मग पुन्हा 1, आणि `S[3][4]` 1 होऊन उत्तर येतं: सम. डोकं दोन्हीकडे फिरणारं, फितीवर लिहिणारं यंत्र असेल, तर प्रत्येक घर वरच्या ओळीतल्या तीन घरांवर अवलंबून राहतं. गेटचा नमुना थोडा मोठा होतो, पण सगळीकडे तोच राहतो. रूपांतर करणाऱ्याला फक्त t आणि i मोजायचे असतात. 1000 अंकांच्या इनपुटवर यंत्र दहा लाख पावलं चाललं, तर तक्ता दहा लाख गुणिले दहा लाख घरांचा होईल. मोजक मात्र 20-20 बिटचे दोन पुरतात. तो काहीच सोडवत नाही, नुसता नकाशा उतरवतो.

याच तक्त्यात गेट «एकदम» चालण्याचाही निकाल लागतो. एका ओळीतली गेट एकदम चालतील, हे मान्य. पण खालची ओळ वरची पूर्ण झाल्याशिवाय हलत नाही. सर्किटमध्ये वेळ म्हणजे खोली, म्हणजे इनपुटपासून उत्तरापर्यंत एकामागून एक जास्तीत जास्त किती गेट लागतात ती संख्या, आणि इथे खोली पावलांच्या संख्येच्या प्रमाणात आहे. एकेक गेट क्रमाने सोडवत गेलं तर काम बहुपदी वेळेत सहज होतं. समांतर वर्ग एनसीमध्ये मात्र बहुपदी संख्येचे प्रोसेसर लावून लॉगच्या ठरावीक घाताइतक्या वेळात उत्तर यावं लागतं. सर्किटच्या मूल्याला तसं जमलं, तर पीमधल्या प्रत्येक प्रश्नाला जमेल. ते अशक्य आहे असं कुणी सिद्ध केलेलं नाही, हेही सांगायला हवं.

सूत्राशी तुलना इथेच कोलमडते. सूत्रात प्रत्येक गेटचं उत्तर एकदाच वापरलं जातं. सर्किटमध्ये तार फुटून अनेक ठिकाणी जाते. वरच्या दोन ओळी पाहा: जुने `S` आणि `V` दोघेही दोनदा लागतात. हे तसंच सूत्र म्हणून उलगडलं तर दर पावलाला आकार दुप्पट होतो, आणि शंभर पावलांनंतर 2 चा 100 वा घात गाठतो. (सम-विषमासाठी उथळ सर्किट वेगळ्या रीतीने बांधता येतं, पण हातात आलेलं सर्किट कुणी कसं बांधलंय यावर आपला ताबा नसतो.) सूत्राचं मूल्य काढणं खरोखरच समांतर रीतीने सोपं आहे, सॅम्युएल बस यांनी 1987 साली ते एनसीच्या पहिल्या पायरीवर, लॉग खोलीच्या वर्गात, बसवलं.

आता कुणी म्हणेल, कठीणपणा 'नॉट'मध्ये असेल. नाही. इनपुट ठाऊकच असल्याने प्रत्येक अंकाबरोबर त्याचा उलटा अंकही देता येतो आणि 'नॉट' सगळे वर ढकलता येतात. फक्त 'अँड' आणि 'ऑर' उरले तरी प्रश्न पी-पूर्णच राहतो. 'नॉट' ठेवून तारा एकमेकींना न छेदता कागदावर बसवल्या तरीही तेच. हे दोन्ही निकाल गोल्डश्लागर यांचे, 1977 चे. गंमत अशी की दोन्ही अटी एकाच वेळी लावल्या, म्हणजे 'नॉट' नाही आणि छेदही नाही, की प्रश्न थेट एनसीमध्ये जातो.