पडताळा कुठे घ्यायचा आणि काय उडवायचं: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: "त्रिकोणमितीच्या सिद्धतेत कोन टाकून पाहायला सांगणं मला पटत नाही. एका कोनाला दोन्ही बाजू जुळल्या म्हणून काही सिद्ध होत नाही, आणि मुलांना ती पळवाट वाटते. दुसरं म्हणजे (tanθ − 1) उडवताना तुम्ही 'इथे थांबा' म्हणता, ते उगाच. सगळेच उडवतात. डावी बाजू उजवीसारखी आली की झालं, एवढा कीस कशाला?"

सर, नमस्कार. एका कोनाला जुळलं म्हणून सिद्ध होत नाही, हे मान्यच. पण एका कोनाला *जुळलं नाही*, तर सिद्धतेत चूक आहे हे नक्की होतं, आणि त्याला एकच कोन पुरतो. मुलांनी पडताळा घ्यावा तो चूक शोधायला. त्यासाठी तो नेमका कुठे घ्यायचा हे सांगावं लागतं, कारण बहुतेक मुलं पहिल्या आणि शेवटच्या ओळीतच किंमत टाकून मोकळी होतात.

आपण ज्यातला (tanθ − 1) म्हणताय तेच उदाहरण घेऊ:

tanθ/(1 − cotθ) + cotθ/(1 − tanθ) = 1 + tanθ + cotθ

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात हेच उदाहरण आहे, फक्त तिथे उजवी बाजू 1 + secθ cosecθ अशी दिली आहे.

मुलांच्या हाताला पहिला लागतो तो 45°. इथे तो चालतच नाही, कारण cot45° = 1 असल्याने पहिलाच छेद शून्य होतो. मग 30° घेतात, जुळतं, आणि खात्री म्हणून 60° घेतात. पण θ च्या जागी 90° − θ लिहिलं की tan आणि cot एकमेकांच्या जागी जातात, आणि या उदाहरणात त्याने फक्त दोन पदांची अदलाबदल होते. म्हणजे 30° आणि 60° ला तीच बेरीज उलट क्रमाने केली जाते. दोन पडताळे घेतल्याचं समाधान मिळतं, प्रत्यक्षात झालेला असतो एकच. शिवाय √3 चे छेद परिमेय करता करता पडताळ्यातच चूक होते ती वेगळी.

म्हणून मी मुलांना नेहमीचे कोन सोडून 3-4-5 चा काटकोन त्रिकोण घ्यायला सांगतो. sinθ = 3/5, cosθ = 4/5, tanθ = 3/4, cotθ = 4/3. कोन सुमारे 37° आहे, पण तो माहीत असण्याची गरजही नाही. सगळा हिशोब साध्या अपूर्णांकांत होतो. वरच्या उदाहरणात पहिलं पद (3/4) ÷ (−1/3) = −9/4, दुसरं (4/3) ÷ (1/4) = 16/3, बेरीज 37/12. उजवीकडे 1 + 3/4 + 4/3 = 37/12. पुस्तकातलं रूप घेतलं तरी 1 + (5/4)(5/3) = 37/12.

आता मुख्य गोष्ट. "डावी बाजू उजवीसारखी आली की झालं" हे मला का पटत नाही, ते दाखवायला मुलांच्या वहीत दिसते तशी एक सिद्धता लिहितो. सोयीसाठी tanθ ला t म्हटलं आहे.

```
1)  t/(1 − 1/t) + (1/t)/(1 − t)
2)  t²/(t − 1) + 1/[t(1 − t)]
3)  t²/(t − 1) + 1/[t(t − 1)]
4)  (t³ + 1)/[t(t − 1)]
5)  (t − 1)(t² + t + 1)/[t(t − 1)]
6)  (t² + t + 1)/t
7)  t + 1 + 1/t
```

शेवटची ओळ हवी तीच आली आहे. घाईत तपासणारा पूर्ण गुण देऊन पान उलटेल. पण प्रत्येक ओळीत t = 3/4 ठेवून पाहा. पहिल्या दोन ओळींची किंमत 37/12 येते. तिसऱ्या ओळीत ती एकदम −91/12 होते, चौथीतही −91/12 राहते, आणि पाचवीत पुन्हा 37/12 वर येते. किंमत जिथे बदलली तिथे चूक. तिसऱ्या ओळीत (1 − t) चं (t − 1) केलं, पण बाहेर वजा चिन्ह आणलं नाही. चौथी ओळ तिसरीवरून बरोबरच काढली आहे, म्हणून तिथे किंमत हलली नाही. पाचव्या ओळीत t³ + 1 चे अवयव म्हणून t³ − 1 चे अवयव लिहिले. एका चुकीने दुसरी खाल्ली. मुलाला शेवटी काय यायला हवं हे माहीत होतं, त्यामुळे हात आपोआप तिकडे वळला. यात लबाडी असतेच असं नाही, उत्तर आधीच छापलेलं असलं की असं होतं. नुसती टोकं तपासून ही चूक कधीच सापडत नाही. 3-4-5 काय, कुठलाही कोन घेतला तरी टोकं जुळणारच, कारण मूळ विधान खरं आहे.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. किंमत न बदलता चूक लपू शकते, जर निवडलेला कोन नेमका त्या चुकीला सोयीचा निघाला तर. बरोबर सिद्धतेत चौथी ओळ (t³ − 1)/[t(t − 1)] अशी येते. इथे वरचा −1 आणि खालचा −1 एकमेकांशी उडवणारी मुलं मी बरीच पाहिली आहेत. उरतं t³/(t·t), म्हणजे नुसतं tanθ. आपल्या त्रिकोणाने ही चूक लगेच पकडली जाते, 37/12 चे 3/4 होतात. पण कुणी θ = 135° घेतला तर? डावी बाजू −1/2 − 1/2 = −1 आणि tan135° सुद्धा −1. साफ चुकीची पायरी, तरी पडताळा जुळला. म्हणून एका कोनावर विसंबू नये हे आपलं म्हणणं इथे शंभर टक्के लागू आहे. दुसरा त्रिकोण म्हणून 5-12-13 घ्यावा, tanθ = 5/12.

आता उडवण्याबद्दल. −1 आणि −1 उडवणं चूक, पण (t − 1) आणि (t − 1) उडवणं बरोबर, यातला फरक पाठ्यपुस्तकं एका वाक्यात सांगतात आणि मुलं तो विसरतात. अपूर्णांकात उडवणं म्हणजे अंश आणि छेद या दोघांनाही एकाच संख्येने भागणं. भागायचं तर अख्ख्या अंशाला आणि अख्ख्या छेदाला. (t − 1)(t² + t + 1) हा पूर्ण गुणाकार आहे, त्यातला एक अवयव भागून जातो. t³ − 1 मधला −1 हा अवयव नाही, ते बेरजेतलं एक पद आहे. त्याला काट मारली तर t³ ला कशानेच भागलं गेलेलं नाही. वहीत काट मारण्याआधी अंश आणि छेद दोन्ही कंसांच्या गुणाकारात लिहिले आहेत का, एवढं पाहिलं तरी अशा बहुतेक चुका टळतात.

"इथे थांबा" हे मी त्यापुढच्या प्रश्नासाठी लिहिलं होतं. अवयव असला तरी तो शून्य असेल तर त्याने भागता येत नाही, आणि t − 1 शून्य होतो 45° ला. या उदाहरणात त्याने नुकसान होत नाही, हे खरं. 45° ला डाव्या बाजूला मुळातच अर्थ नाही, त्यामुळे तिथे समानतेचा दावाच नव्हता. एनसीईआरटीच्या त्या प्रश्नात, ज्या लघुकोनांना राशींना अर्थ आहे त्यांच्यासाठीच सिद्ध करा, असं स्पष्ट म्हटलं आहे. पण सहाव्या ओळीत 45° ठेवला तर छान 3 येतात. ते पाहून "45° लाही दोन्ही बाजू 3" असं कुणी लिहिलं, तर ते चूक. "tanθ ≠ 1 असताना" एवढे शब्द शेजारी लिहिले की काम झालं.

हे शब्द लिहायची सवय नसली की नुकसान समीकरण सोडवताना होतं. 2 sinθ cosθ = sinθ हे 0° ते 180° मध्ये सोडवा. दोन्हीकडचा sinθ उडवला तर cosθ = 1/2, म्हणजे फक्त 60° मिळतो. 0° आणि 180° ही दोन उत्तरं त्या काटेखाली गेली. हात तोच असतो, सवयही तीच.

दहावीच्या पुढे गेल्यावर आणखी एक "उडवणं" त्रास देतं, वर्ग आणि वर्गमूळ एकमेकांशी उडवणं.

√[(1 − sinθ)/(1 + sinθ)] = secθ − tanθ

डावीकडे अंश आणि छेदाला (1 − sinθ) ने गुणायचं, छेदात √(cos²θ) येतो, तो cosθ लिहायचा, संपलं. 3-4-5 ला डावीकडे 1/2 येतात, उजवीकडे 5/4 − 3/4 = 1/2. 30°, 45°, 60° सगळीकडे जुळेल. आता तोच त्रिकोण दुसऱ्या चरणात नेऊ, sinθ = 3/5 पण cosθ = −4/5. डावी बाजू 1/2 च राहते, उजवी −5/4 + 3/4 = −1/2 होते. चूक √(cos²θ) = cosθ या पायरीत आहे, तिथे |cosθ| हवं. लघुकोनांपुरतं ते चालून जातं, म्हणून दहावीत कुणाच्या लक्षात येत नाही. अकरावीत गेलेल्या मुलाने पडताळा घेताना निदान एकदा cosθ चं चिन्ह उलटं करून पाहावं, असं मी सांगतो ते यासाठी.

शेवटी, कोन टाकून सिद्धता *कधीच* होत नाही असं आपण धरलं असेल, तर त्याला मात्र माझी हरकत आहे. आपल्याच उदाहरणात छेद काढून टाकले की एवढंच दाखवायचं उरतं:

t³ − 1 = (t − 1)(t² + t + 1)

दोन्ही बाजूंतला फरक ही जास्तीत जास्त 3 कोटीची बहुपदी आहे. ती शून्य बहुपदी नसेल तर t च्या 3 पेक्षा जास्त किमतींना शून्य होऊ शकत नाही. म्हणून 4 वेगवेगळ्या किमतींना दोन्ही बाजू जुळल्या, की त्या सगळ्याच किमतींना जुळतात. t = 0 ला दोन्हीकडे −1, t = 1 ला 0, t = 2 ला 7, t = −1 ला −2. झाली सिद्धता, आणि ती पूर्ण आहे. 0 आणि 1 या किमती मूळ राशीत चालत नव्हत्या, पण छेद गेल्यावर बहुपदीत चालतात. बोर्डाच्या पेपरात असं लिहू नये, तिथे पायऱ्यांनाच गुण असतात. पण पायऱ्या लिहून झाल्यावर शेवटची पाच मिनिटं उरली, तर त्या सात ओळींत 3/4 ठेवून बघायला मी मुलांना सांगतच राहणार.